फळ्यावरचा पाचवा मुद्दा

आमच्या गल्लीत अकरा घरं होती आणि फोन एक. तो आमच्याकडे. जळगावात तेव्हा फोनसाठी अर्ज करायचा आणि विसरून जायचं अशी पद्धत होती. वडील मात्र विसरले नाहीत, टेलिफोन ऑफिसच्या इतक्या चकरा मारल्या की तिथल्या शिपायानेच एक दिवस कंटाळून त्यांना आत बसवून चहा पाजला, आणि पुढच्या महिन्यात फोन आला. काळा, जड, डायलला कुलूप असलेला. त्या कुलपाची किल्ली वडील जानव्याला बांधून ठेवायचे.

फोन आला तसा फळा आला. आपल्या घरी आलेला निरोप दहा घरी जाऊन सांगणं वडिलांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवर एक लाकडी फळा ठोकून घेतला. वर पत्र्याचं छप्पर, खाली खडूसाठी डबी. कोणाच्या बहिणीला मुलगा झाला, कोणाची फैजपूरची मावशी गेली, गॅसची गाडी कधी येणार, हे सगळं त्यावर. वडिलांचा नियम एकच होता. फोनवर ऐकलं ते पूर्ण लिहायचं. आपलं घालायचं नाही आणि त्यांचं गाळायचं नाही. हा नियम ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की जणू रिसीव्हरमधून साक्षात ब्रह्मदेव बोलतो आहे आणि हे त्याचे लेखनिक आहेत.

वडील पौषात गेले. फोन, फळा आणि नियम माझ्याकडे आले. मी तिशीचा होतो, जिल्हा परिषदेत कारकून. गल्लीत माझी ख्याती म्हणजे नकला करणारा, गोष्टी रंगवून सांगणारा. चौथ्या दिवशी मी भेटायला आलेल्या लोकांना वडिलांचा टेलिफोन ऑफिसचा किस्सा साभिनय करून दाखवला आणि माणसं डोळे पुसता पुसता हसली. मी स्वतः हसलोही नाही आणि रडलोही नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की गाल कसा आपला असून आपला नसतो, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. आणि डॉक्टर परत आलेच नाहीत, असं म्हणा. ते चार-पाच महिने मी तसाच फिरलो. बोलत होतो, नकला करत होतो, ऑफिसला जात होतो. जाणवत काहीच नव्हतं.

त्या तेरा दिवसांत आमच्या घरचं पाणी अक्काने भरलं. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी पाणी भरायचं हा आमच्याकडचा रिवाज, पण रिवाज सगळ्यांचा असला की तो कोणाचाच नसतो. अक्का रोज यायची. गल्लीच्या शेवटच्या घरातून, डोक्यावर एक हंडा आणि कमरेला एक. तिचं माहेर धुळ्याकडचं, बोलणं खानदेशी. ब्लाउज शिवून घर चालवायची. नवरा एसटीत कंडक्टर होता. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तो खिडकीजवळच्या खाटेवर पडलेला असायचा. त्याचं अंथरूण दिवसातून दोनदा बदलावं लागे. म्हणजे पाणी आम्हाला लागत होतं त्याच्या तिप्पट अक्काला लागत होतं. तरी तिने तेरा दिवस आमचं भरलं. मी एकदा म्हटलं, "अक्का, राहू द्या, मी भरतो." ती म्हणाली, "तू गोष्टी सांग." यात टोमणा होता का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

चैत्र लागला आणि नगरपालिकेने पाणी एक दिवसाआड केलं. एक दिवसाआड झालं की नळाला मोटर लागते. आधी एकाने लावली. त्याच्या पुढच्या घरातली धार बारीक झाली, म्हणून त्यानेही लावली. नळाच्या तोटीला रबरी पाइप, पाइपला मोटर, मोटर थेट लाइनमधलं पाणी ओढणार. बेकायदेशीर, हे सगळ्यांना माहीत. सगळ्यांना माहीत आहे म्हटल्यावर कोणालाच काही वाटेना. आईचे गुडघे दुखायचे, बादल्या उचलवत नव्हत्या, म्हणून मीही एक मोटर आणली. आमचं घर तिसरं. गल्ली पुढे बंद होती, लाइन तिथेच संपायची, आणि अगदी शेवटी अक्काचा नळ.

अक्काने आधी नळाची तोटी काढली. मग नळ खाली घेतला. मग ओट्याखाली कमरेइतका खड्डा खणला आणि नळ त्या खड्ड्यात नेला, म्हणजे उतारावर तरी पाणी येईल. त्या खड्ड्यात उतरून ती पहाटे घागर लावून बसायची. नळातून हवेचा सुसकारा यायचा. ज्या दिवशी पाळीच्या वेळेला वीज जायची त्या दिवशी मात्र तिच्या नळाला धो धो पाणी. सगळी गल्ली वीज मंडळाला शिव्या घालत ओट्यावर उभी असायची आणि शेवटच्या घरी अक्का मुकाट्याने पिंप भरत असायची. आमच्या गल्लीत वीज जावी म्हणून देवापुढे दिवा लावणारं ते एकच घर असणार.

एका रविवारी दुपारी ती आमच्याकडे आली आणि दारातच बसली. पाणीही मागितलं नाही.

"देर उना व्हता," ती म्हणाली. तिचा दीर नशिराबादला शेती करायचा. "म्हने, बिनपान्याच्या घरात आजारी मानूस ठेवतेस? आखाजीपर्यंत बघतो. नाहीतर टेम्पो आनतो अन् दोघास्ले लई जातो."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. तठे त्यांची खाट गोठ्याजवळच्या पडवीत टाकतील. मी चुलीजवळ. शिलाई बंद." तिने पदराने कपाळ पुसलं. "इथे खिडकी शे त्यांना. माणसं दिसतात. तठे म्हशी दिसतील."

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, बारा दिवसांवर होती. मला या वेळी काहीतरी वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. काही आलं नाही. पण हात चालत होते, म्हणून मी अर्ज लिहायला घेतला.

नळजोडणी नवऱ्याच्या नावावर होती, त्यामुळे सही त्याची हवी. उजवा हात गेलेला. अक्काने त्याच्या डाव्या हाताचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला आणि कागदावर दाबला. अंगठा उचलल्यावर तो कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तिकिटांना भोकं पाडणारा माणूस, आता स्वतःचा ठसा बघत होता. सोमवारी ऑफिसला जाताना मी अर्ज नगरपालिकेच्या आवक खिडकीत दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला आणि मंगळवारी सकाळी, जानव्याची नव्हे, आता खुंटीला अडकवलेली किल्ली घेऊन डायलचं कुलूप उघडलं.

पाणीपुरवठा विभागाचा फोन लागणं हा एक स्वतंत्र नाट्यप्रयोग होता. पहिला अंक एंगेज. दुसऱ्या अंकात कोणीतरी उचलून "थांबा" म्हणायचं आणि मग टंकलेखन यंत्राचा आवाज ऐकत बसायचं. तिसऱ्या अंकात माणूस. त्या दिवशीचा माणूस शेंगदाणे खात होता, हे मला प्रत्येक वाक्याच्या शेवटी कळत होतं.

"आवक नंबर?"

मी सांगितला.

"हां. शेवटच्या घराला पाणी नाही. अंगठ्याचा अर्ज." शेंगदाणा. "साहेब, तुम्ही कोण?"

"शेजारी."

"शेजारी बरे असतात." शेंगदाणा. "लिहून घ्या, पुन्हा सांगणार नाही."

मी लिहून घेतलं. तो चांगला माणूस होता. कोणी विचारतंय म्हटल्यावर त्याने सगळं सांगितलं, पाळ्यांपासून मुख्याधिकाऱ्यापर्यंत. मी मध्ये मध्ये विचारत गेलो आणि तो न चिडता उत्तरं देत गेला. संध्याकाळी ऑफिसमधून येऊन मी फळा ओल्या फडक्याने पुसला आणि वडिलांच्या अक्षरासारखं अक्षर काढत लिहिलं:

"पाणीपुरवठा विभागाशी आज फोनवर झालेले बोलणे.

१. पाणी एक दिवसाआड. आपल्या पुढच्या पाळ्या : गुरुवार, शनिवार, सोमवार, बुधवार, शुक्रवार.

२. टाकीजवळचा व्हॉल्व्ह पहाटे साडेपाचला उघडतात व सातला बंद करतात. ही वेळ टाकीची आहे, नळाची नाही. गल्लीच्या तोंडाशी पाणी पोचण्यास पंधरा-वीस मिनिटे, शेवटच्या घरी त्याहून दहा मिनिटे जास्त.

३. पाणी न आल्यास प्रथम व्हॉल्व्हमनला सांगावे. सलग दोन पाळ्या न आल्यास लेखी अर्ज. त्यात नाव, घर क्रमांक, नळजोडणी क्रमांक. सोबत चालू पाणीपट्टीच्या पावतीची प्रत.

४. अर्ज आवक खिडकीत द्यावा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्यावा. क्रमांक नसल्यास फोनवर चौकशी होत नाही.

५. आपल्या गल्लीतील अर्जाबाबत येत्या गुरुवारी पाळीच्या वेळी ओव्हरसियर येऊन पाण्याचा दाब तपासतील. नळाला थेट मोटर आढळल्यास मोटर जप्त व नळजोडणी बंद.

६. तपासणीनंतर समाधान न झाल्यास अर्ज पाणीपुरवठा अभियंत्यांकडे, त्यानंतर मुख्याधिकाऱ्यांकडे."

लिहून झाल्यावर मी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. सहा मुद्दे, ओळी सरळ, काही घातलं नाही, काही गाळलं नाही. वडिलांनी मान हलवली असती. शेजारचे नाना, जिनिंग प्रेसमधून निवृत्त झालेले, काठी टेकत आले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. पाचव्या मुद्द्यापाशी थांबले. तो परत वाचला, या वेळी मनात.

"फळा असावा तर असा," ते म्हणाले. "बाप गेला पण कारभार थांबला नाही."

गुरुवारी पहाटे गल्लीत जे झालं ते मी नंतर कितीतरी ठिकाणी साभिनय करून दाखवलं आहे आणि प्रत्येक ठिकाणी लोक हसले आहेत. पाचच्या सुमारास गल्लीभर नटांवर पाने फिरवण्याचे, पाइप ओढण्याचे बारीक आवाज. मोटरी निघाल्या. कोणाची पलंगाखाली, कोणाची गव्हाच्या कोठीत. नानांची त्यांनी एका जुन्या लुगड्यात गुंडाळून देवघरात ठेवली, वर दोन फुलं. पण एक गोष्ट मी कधी सांगत नसे. आमचीही मोटर मी काढली. विचार करून नाही. आजूबाजूचे आवाज ऐकले, उठलो, पाना घेतला, मोटर काढली, जिन्याखाली सरकवली, हात धुतले. कोणी दात घासावेत तसं.

पावणेसहाला ओव्हरसियर आला. बरोबर एक फिटर, हातात बादली. त्यांनी तोंडाशी असलेल्या पहिल्या दोन घरांचे नळ बघितले, चौथं बघितलं, आमचंही बघितलं. मग शेवटी अक्काकडे. तोवर गल्ली आपापल्या ओट्यावर. फिटर खड्ड्यात उतरला, बादली लावली. पाणी असं आलं की त्याच्या पायजम्यापर्यंत उडालं. ओव्हरसियरने घड्याळ पाहिलं. बादली भरून वाहिली तेव्हा त्याने परत घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं, दाब समाधानकारक.

"बाई," तो अक्काला म्हणाला, "पाणी येतंय ना?"

अक्का खड्ड्याकडे बघत होती. खिडकीतून तिचा नवराही बघत होता.

"आज उनं," ती म्हणाली.

"आलं ना? मग नवऱ्याच्या वतीने इथे सही करा. तक्रारदाराचं समाधान झालं."

मी तिथेच उभा होतो. चार हात अंतरावर. तोंड उघडायचं होतं, आणि माझं तोंड म्हणजे गल्लीतलं सगळ्यात वापरातलं तोंड. ते उघडलं नाही. अक्काने सही केली.

ओव्हरसियर गेल्यावर मी तिला विचारलं, "सही कशाला केली?"

"त्यांनी विचारलं पाणी उनं का. उनं. मी नाही कशी म्हनू?" मग ती भराभर घागरी लावायला लागली, कारण सात वाजायला वेळ होता. तेवढ्यात तिने पिंप भरलं, दोन बादल्या भरल्या, पातेली भरली, वाट्यासुद्धा भरल्या.

शनिवारी मोटरी परत लागल्या. माझीही. सोमवारी अक्का सव्वासहा ते सात खड्ड्यात बसून होती आणि वर आली तेव्हा घागर कोरडी होती. मी जिन्यातून बघत होतो. शुक्रवारी आखाजी. आईने कुंभाराकडून डेरगं आणून ठेवलं होतं. आमच्या खानदेशात आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने हे मातीचं मडकं पाण्याने भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आंबा ठेवतात, सांजोऱ्या करतात. वडील गेल्यावरची ती पहिलीच आखाजी. आई म्हणाली, "पाणी शुक्रवारचं ताजं घ्यावं लागेल. मोटर नीट चालते ना बघून ठेव."

हे वाक्य ऐकून मी दाढी अर्धवट ठेवून उठलो. का, ते मला विचारू नका. दुःख झालं असं नाही. लाज वाटली असंही नाही. फक्त कळलं. वडिलांच्या नावाचं मडकं मी अक्काच्या नळातल्या पाण्याने भरणार होतो, आणि वर डांगर ठेवणार होतो.

त्याच सोमवारी ऑफिसला जाताना मी आवक खिडकीत दुसरा अर्ज दिला. खिडकीतल्या बाईंनी तो वाचला, चष्मा काढला आणि परत वाचला.

"अर्जदार तुम्ही?"

"हो."

"आणि तक्रार कोणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

त्यांनी मागे वळून कोणाला तरी हाक मारली. शेंगदाण्यांचा डबा हातात घेऊन एक माणूस आला. आवाजावरून मी ओळखला. त्यानेही वाचलं. मी लिहिलं होतं की माझ्या घरी नळाला थेट मोटर बसवलेली आहे, गल्लीत इतरत्रही तशाच आहेत, गुरुवारच्या तपासणीची आगाऊ सूचना मीच फळ्यावर लावल्याने त्या दिवशी सर्व मोटरी, माझ्यासह, काढून ठेवल्या होत्या, सबब तो अहवाल खरा मानू नये व फेरतपासणी पूर्वसूचनेशिवाय व्हावी.

"साहेब," तो म्हणाला, "हे आवकमध्ये कशात नोंदवू? तक्रारीत की माफीपत्रात?"

"जिथे लवकर पोचेल तिथे."

"ओव्हरसियर गुरुवारपासून खुशीत आहेत. पहिल्यांदा एक तक्रार जागच्या जागी मिटली म्हणून." त्याने शेंगदाणा तोंडात टाकला. "हे मी स्वतः नेऊन दाखवतो. मला बघायचंय त्यांचं तोंड."

"कधी येतील?"

"ते नाही सांगत," तो म्हणाला. "तुम्ही लिहिता."

फळा मी पुसला आणि बुधवारपर्यंत तो कोरा राहिला. नाना दोनदा येऊन बघून गेले. "पाणीवाल्यांचा काही फोन?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं नाही. ते खरंही होतं.

बुधवारी सहाला गल्लीत सात मोटरी घुमत होत्या. माझी सगळ्यात मोठ्याने, तिचं बेअरिंग गेलेलं होतं. ओव्हरसियर या वेळी तोंडाशी थांबला नाही, सरळ आमच्या घरात आला. मी दार उघडंच ठेवलं होतं. फिटरने वायर ओढली, मोटर उचलली, बाहेर हातगाडीवर ठेवली, आणि ओट्याबाहेर खणून आमच्या जोडणीला बूच मारलं. मग गल्लीची दोन्ही टोकं धरून दोन माणसं एकेका घरात. दहा मिनिटांत हातगाडीवर सात मोटरी. नानांची शेवटची, तिच्यावर अजून वाळलेलं एक फूल चिकटलेलं. अक्का खड्ड्यात होती. पाण्याने उसळी मारली तेव्हा ती घाबरून वर आली आणि मग काय झालं ते कळून परत खाली उतरली.

नाना माझ्याकडे आले. "तुझीही नेली?"

"पहिली."

"कंडक्टरच्या बायकोचं काम. त्या दिवशी सही करून गप्प बसली आणि मागून गेली." त्यांनी काठी आपटली. "साधी दिसते."

मी पाना उचलून जिन्याखाली ठेवला. नानांच्या तोंडून ते वाक्य गल्लीत पुढे सरकत गेलं आणि अकराव्या घरापर्यंत पोचलं, पाण्याच्या उलट नव्हे, पाण्याबरोबरच. त्या दिवशी मी दिवसभर ऑफिसात बसून होतो आणि कोणी विनोद सांगायला लावला तेव्हा सांगितला.

शुक्रवारी आखाजी. सात घरांच्या नळांना बूच. हमीपत्र, अर्ज, दंड हे सगळं सण झाल्यावर, सोमवारी. आणि आखाजीला प्रत्येक घरी पाणी हवं, पितरांना हवं, पुरणाला हवं, माहेरी आलेल्या लेकींना न्हायला हवं. ज्या तीन घरांत मोटर सापडली नव्हती त्यांचे नळ आत न्हाणीघरात होते आणि सणाच्या दिवशी कोणाच्या न्हाणीघरात घागर घेऊन शिरणार? उघड्यावर, रस्त्याला लागून, सगळ्यांना पोचेल असा नळ गल्लीत एकच होता. ओट्याखालच्या खड्ड्यातला.

पावणेसहाला तिथे रांग लागली. हंडे, घागरी, कळशा, प्लॅस्टिकच्या बादल्या. अक्का ओट्यावर बसली होती. तिने विचार केला असणार, किंवा केला नसेलही. ती म्हणाली, "घरटी दोन हंडे. मग परत लागा." आणि पहिली घागर तिने स्वतः धरून लावली. खिडकीतून तिचा नवरा डाव्या हाताने चमचा गजावर वाजवायला लागला. हंडा भरला की दोनदा, टिंग टिंग. एसटीत गाडी सोडायची ती घंटा. हंडा उचलला जायचा, पुढचा लागायचा. पाचव्या हंड्यापर्यंत लोकांना ते कळलं आणि घंटा झाली नाही तर ते थांबायला लागले.

नाना माझ्या पुढे होते. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी हंडा ठेवला आणि म्हणाले, "अक्का, तुमच्यामुळे आज तुमच्याच दारी यावं लागलं."

अक्का म्हणाली, "या ना."

"नगरपालिकेत गेला होतात म्हणे."

तिने नानांकडे बघितलं, मग त्यांच्या मागे उभ्या माझ्याकडे. काय बघितलं कोणास ठाऊक. "जाऊ द्या नाना. आज पानी भरा," ती म्हणाली. ती नाही म्हणाली नाही. खोटा आरोपही तिने पाणी आलं तसा वाहू दिला.

"अर्ज माझा होता," मी म्हटलं.

चमचा थांबला. नाना वळले.

"कुठला अर्ज?"

"मोटरींचा. सोमवारी दिला. अक्काला माहीत नाही."

"तुझी तर पहिली गेली."

"मी स्वतःविरुद्धच दिला होता. तुमची आपोआप आली."

रांगेत कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. माझ्या तोंडून निघालेलं सगळंच लोकांना किस्सा वाटायचं. नाना खाली वाकले, माझी घागर उचलली, रांगेच्या मागे, अगदी शेवटी नेऊन ठेवली आणि परत येऊन आपल्या हंड्यापाशी उभे राहिले. मी शेवटी जाऊन उभा राहिलो. टिंग टिंग.

साडेसहाला गल्लीच्या तोंडाशी टेम्पो आला. मागे गवताच्या पेंढ्या, एक बाज, दोऱ्या. अक्काचा दीर खाली उतरला. रांग थेट आमच्या घरापर्यंत आली होती, टेम्पो आत येईना. तो हॉर्न वाजवून थकला, मग चालत आला. हंड्यांच्या मधून पाय टाकत. वहिनी ओट्यावर बसलेली, भाऊ खिडकीत चमचा वाजवतोय, खड्ड्यातल्या नळाला दंडाएवढी धार, आणि सगळी गल्ली भांडी घेऊन दारात.

"काय शे हाई?" त्याने विचारलं.

"पानी शे," अक्का म्हणाली. "तुम्ही बसा. जेवून जा. पुरन शिजतंय."

तो ओट्याच्या कडेला बसला. पावणेसातला पाणी बारीक झालं, तेव्हा माझा नंबर आला. माझी एक घागर भरली, दुसरी अर्धी. घंटा वाजली नाही, कारण हंडा भरला नव्हता, आणि व्हॉल्व्ह बंद होऊन नळ सुसकारा टाकून थांबेपर्यंत मी तसाच उभा राहिलो. त्या दीड घागरीत आईने वडिलांचं डेरगं भरलं. ती रडली. मी डांगर नीट बसत नव्हतं ते बसवलं.

पुढची कथा लांब आहे आणि सोमवारच्या हमीपत्रांची आहे. गल्लीत मोटरी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत परत आल्या नाहीत. नंतर आल्या, पण दोनच, आणि त्या फक्त वीज असताना चालतात हे सगळ्यांना ठाऊक असल्याने अक्काने वीज मंडळाशी नातं टिकवून ठेवलं. नाना माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. बोलले तेव्हा म्हणाले, "फळ्यावर काही लिहीत नाहीस हल्ली."

त्या शुक्रवारी दुपारी दीर दोन पुरणपोळ्या जास्त खाऊन उठला. टेम्पोतल्या पेंढ्या तशाच, बाज तशीच. त्याने भावाच्या पायावर हात ठेवला, वहिनीला म्हणाला, "आखाडात बघू," आणि मागे घेत घेत टेम्पो गल्लीतून बाहेर काढला. मी त्याला हाताने इशारे करत होतो, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, अगदी नाटकी. अक्का दारात नव्हती. ती आत नवऱ्याचं अंथरूण बदलत होती.